रिसेप्शनला तीनशे माणसं: प्लेटी किती सांगायच्या, पदार्थ किती ठेवायचे

भाचीच्या रिसेप्शनची बोलणी करायला आम्ही केटररकडे गेलो, तेव्हा त्याने छापील मेनूकार्ड पुढे सरकवलं. त्यात एकतीस पदार्थ होते. "ताई, तीनशे माणसं म्हटल्यावर एवढं लागतंच," तो म्हणाला. मी विचारलं, "दादा, एक माणूस एकंदर किती खातो हो?" तो हसला आणि म्हणाला, "ते कोण मोजतंय?"

पण तेच मोजायचं असतं. पदार्थ एकतीस असोत की पंधरा, संध्याकाळी साडेसात ते साडेदहाच्या रिसेप्शनला आलेला मोठा माणूस स्टार्टरपासून आईस्क्रीमपर्यंत सगळं मिळून सहाशे ग्रॅमच्या आसपास खातो. कोणी चारशे, कोणी नऊशे, पण सरासरी तेवढीच येते. पदार्थ वाढवले म्हणून पोट वाढत नाही. प्रत्येक पदार्थ थोडा थोडा उरतो आणि नेमका सगळ्यांना हवा असलेला एक लवकर संपतो. म्हणून हिशेब मेनूकार्डापासून सुरू न करता माणसांपासून करावा, तिथून प्लेटीवर यावं आणि शेवटी पदार्थांवर.

खाली जे आकडे देते आहे ते ठाण्यात, नौपाड्याजवळच्या एका हॉलमध्ये, डिसेंबरातल्या बुधवारी झालेल्या शाकाहारी बुफेचे आहेत. रविवार असता, दुपारची पंगत असती किंवा मेनू मांसाहारी असता तर आकडे बदलले असते. कुठे बदलले असते ते त्या त्या ठिकाणी सांगते.

आधी यादी, तीही घरागणिक

"आमची तीनशे माणसं" असं सगळेच म्हणतात. ती पत्रिका असतात, बोलावलेली माणसं असतात की येणारी माणसं, हे विचारलं की घरात शांतता पसरते. आम्ही वहीत प्रत्येक घरापुढे दोन रकाने आखले: बोलावलेले किती आणि बुधवारी खरोखर येतील किती. दुसरा रकाना बहीण आणि मेहुण्यांनी वेगवेगळा भरला आणि मग भांडून एक केला. त्या भांडणाचा फायदा होतो. कुठल्या घरातून फक्त नवरा येतो आणि कुठल्या घरातून न सांगता सासूही येते, हे दोघांतल्या एकाला नक्की माहीत असतं.

जवळच्या नात्यातली ११८ माणसं होती, त्यांतली ११२ धरली. सोसायटी आणि शेजार मिळून १२० जणांना बोलावणं होतं, पण कामाच्या दिवशी चौघांच्या घरातून दोघं-तिघंच येतात, म्हणून ७२. मुलगा-मुलगी दोघांच्या ऑफिसातले ७०, त्यातले ४५. मेहुण्यांचे जुने सहकारी आणि मित्र ९०. त्यांतले निम्मे डोंबिवली-कल्याणकडचे नाहीतर घोडबंदर रोडच्या पार टोकाचे. संध्याकाळची ती वाहतूक बघून इच्छा असूनही लोक टाळतात. तिथे ४५ धरले. कोकण, पुणे, सातारा मिळून ६० जण बाहेरगावचे, त्यात २६. बोलावलेले एकूण ४५८ आणि येणारे ३००. हेच रिसेप्शन रविवारी असतं, तर शेजाऱ्यांचा आणि मित्रांचा आकडा मी सरळ पंधरा-वीस टक्क्यांनी वाढवला असता.

तीनशे माणसं म्हणजे तीनशे प्लेटी नव्हेत

केटररचा व्यवहार प्लेटीवर चालतो. तुम्ही एक गॅरंटीचा आकडा द्यायचा. तेवढ्या प्लेटीचे पैसे माणसं आली नाहीत तरी द्यावे लागतात, आणि वर गेल्या तर एक्स्ट्रा प्लेट त्याच दराने लागते. म्हणजे कमी सांगितलं तर जास्तीचे पैसे नंतर देता येतात, पण जास्त सांगितलं तर ते परत मिळत नाहीत. साहजिकच गॅरंटी अपेक्षेपेक्षा थोडी खाली ठेवायची. मात्र स्वयंपाक गॅरंटीइतकाच करणार की वर काही राखणार, हे लिहून घ्यायचं. साधारण दहा टक्के वर तयारी ठेवायला बहुतेक केटरर कबूल होतात.

आमच्या तीनशेत पाच वर्षांखालची १२ मुलं होती, त्यांची प्लेट धरत नाहीत. पाच ते दहा वर्षांची १८, त्यांची अर्धी धरायची असं ठरलं, म्हणजे ९ कमी. उरल्या २७९ प्लेटी. मी २६५ गॅरंटी दिली, दहा टक्के वर म्हणजे २९१ पर्यंत तयारी. फोटोग्राफर, व्हिडिओवाले, मेकअपवाली आणि तिची मदतनीस, डेकोरेशनची पोरं, गाड्यांचे ड्रायव्हर अशी १६ माणसं निघाली. त्यांची वेगळी पाकिटं कमी दरात ठरवली. हे आधी बोललं नाही तर ही माणसं बुफेवर जेवतात आणि तुमच्या पूर्ण दराच्या सोळा प्लेटी वाढतात.

आता प्लेट मोजायची कशी, हे मी स्वतः पोळून शिकलेय. माझ्या मुलाच्या रिसेप्शनला माणसं दोनशे नव्वदच्या घरात होती आणि बिल आलं ३४२ प्लेटींचं. केटररने फसवलं असं मी वर्षभर सांगत फिरले. नंतर व्हिडिओ बघताना लक्षात आलं. लोक जेवता जेवता प्लेट खुर्चीवर ठेवून स्टेजवर फोटोला जात होते, वाढपी पोरगा ती प्लेट उचलून नेत होता आणि लोक परत येऊन नवी प्लेट घेत होते. शिवाय गोडासाठी पुन्हा मोठीच प्लेट. यंदा तीन गोष्टी लिहून घेतल्या. स्टार्टरला लहान प्लेट, गोडाला वाटी, आणि मोजणी फक्त मोठ्या प्लेटीची. विचारल्याशिवाय कोणाची प्लेट उचलायची नाही. आणि मोठ्या प्लेटी पंचवीस-पंचवीसच्या बारा क्रेटमध्ये येतील, सुरुवातीला आमच्या माणसासमोर मोजल्या जातील.

पदार्थ किती

एकतीसमधून आम्ही खाली आलो ते असं: कोकम सरबत, तीन स्टार्टर, पाणीपुरीचा एक काउंटर, पुरी आणि म्हाताऱ्यांसाठी मागितल्यावर फुलके, पनीरची रस्साभाजी, भरली वांगी, मसालेभात, साधं वरण-भात, एक कोशिंबीर, जिलेबी, श्रीखंड, आईस्क्रीम. पापड-लोणचं धरत नाही. तीनशेच्या बुफेला दोन भाज्यांवर तिसरी ठेवली तर ती फक्त उरते. मी चार-पाच लग्नांत तरी हेच पाहिलंय. चायनीज, पास्ता, मेक्सिकन काय ते, हे सगळं मी सरळ काढून टाकलं. भाची आठ दिवस बोलली नाही.

पदार्थ ठरले की प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे: शंभरातले किती जण घेतील आणि घेणारा किती घेईल. त्यांचा गुणाकार म्हणजे दर माणशी सरासरी. आमची सरासरी अशी आली: स्टार्टर १०० ग्रॅम, पाणीपुरी ५०, पनीर ८०, वांगी ४०, पुरी ७५, मसालेभात ८०, वरण-भात ६०, कोशिंबीर २०, जिलेबी आणि श्रीखंड मिळून ६५, आईस्क्रीम ५०. बेरीज ६२०. सहाशेच्या जवळ आहे, म्हणजे मेनू ठीक आहे. ही बेरीज आठशेवर गेली तर अन्न फुकट जाणार आणि साडेचारशेवर थांबली तर दहा वाजता लाज जाणार. २९० प्लेटींना ६२० ग्रॅम म्हणजे जवळपास १८० किलो तयार अन्न.

किलोत उतरवताना

केटररला मालाचे आकडे विचारले की तो म्हणतो, "ते आमच्यावर सोडा." सोडू नका. भांडायचं नाही, पण तुमच्याकडे आकडा असला की तो जपून बोलतो. आचारी घरी बोलावून सामान तुम्हीच भरणार असाल, तर हे आकडे हवेतच.

भातावर सगळ्यांत जास्त चूक होते. जुना हिशेब किलोला दहा माणसांचा, म्हणजे माणशी शंभर ग्रॅम तांदूळ. तो पंगतीचा हिशेब आहे, जिथे सुरुवातीला वरण-भात, मध्ये मसालेभात आणि शेवटी ताक-भात असायचा. त्या हिशेबाने आम्हाला २९ किलो तांदूळ लागले असते. बुफेत भाताकडे माणूस पोहोचतो तेव्हा त्याच्या प्लेटीत जागाच उरलेली नसते. आम्हाला मसालेभात २३ किलो तयार हवा होता. भाज्या धरून किलो तांदळाचा पावणेतीन-तीन किलो भात होतो, म्हणजे तांदूळ आठ-साडेआठ किलो. वरण-भात अर्धेच लोक घेतात. त्याला चार किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ. सगळा मिळून साडेबारा किलो तांदूळ, जुन्या हिशेबाच्या निम्म्याहून कमी.

पनीरचं उलट होतं. तिथे वजनाने हिशेब केला तर फसगत होते, कारण लोक भाजी वाढून घेत नाहीत, तुकडे वेचून घेतात. पावणेनऊला डोंग्यात नुसती ग्रेव्ही उरलेली तुम्हीही पाहिली असेल. म्हणून तुकड्यांनी मोजायचं. २९० मधले २४० जण पनीर घेणार, प्रत्येकी चारपेक्षा थोडे जास्त, म्हणजे हजार तुकडे. बारा ग्रॅमचा एक तुकडा धरला तर बारा किलो पनीर. केटररच्या मनात आठ किलो होतं. "ग्रेव्ही तेवढीच ठेवा, पनीर बारा किलो," एवढ्या एका वाक्याने हा प्रश्न सुटला. त्या बदल्यात मी एक स्टार्टर पनीरचा होता तो बदलून घेतला.

वांगी नगावर. निम्मे लोक घेतील, प्रत्येकी दोन, म्हणजे बरोबर २९० लहान वांगी. पुऱ्या माणशी तीन, एकूण ८७०. किलो कणकेत मध्यम आकाराच्या पंचेचाळीसेक पुऱ्या होतात, तेव्हा वीस किलो कणीक. स्टार्टर माणशी चार नग, म्हणजे ११६०. त्यात कोथिंबीर वडी आणि छोटे बटाटेवडे साडेचारशे-साडेचारशे आणि तिसरं, हराभरा कबाब, २६०. सगळे समान ठेवले की वड्या आधी संपतात. श्रीखंड दहा किलो, जिलेबी नऊ किलो. आईस्क्रीम चार लिटरचे सात डबे आणि आठवा फ्रीजरमध्ये, न उघडल्यास परत या बोलीवर. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे बारा जार.

मेनू मांसाहारी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: मटण-चिकन खाणारेही पनीर घेतातच, पण शाकाहारी माणूस चिकन घेत नाही. त्यामुळे दीडशे शाकाहारी म्हणून पनीर निम्मं करू नका, पाऊणपट ठेवा. हाडांसकट चिकन किलोला पाच जण. डिसेंबरात तारीख मार्गशीर्षातल्या गुरुवारी येत असेल तर मांसाहार ठेवण्याआधी वडीलधाऱ्यांना विचारा. जैन किंवा बिनकांदा-लसणीच्या जेवणाचा आकडा मात्र अंदाजाने देऊ नका, त्या त्या घरी फोन करा. आमच्याकडे सोसायटीतली १८ माणसं निघाली.

चाखायला जाताना वजनकाटा न्या

मी खरंच नेला होता, घरातला छोटा. मेहुणे लाजून लांब उभे राहिले. पण चाखायला दिलेली कोथिंबीर वडी ३८ ग्रॅमची होती आणि पनीरचा तुकडा २० चा. चाखताना सगळेच मोठं देतात. "त्या दिवशी एवढीच असेल का?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "जरा लहान होईल." मग २५ ग्रॅमची वडी आणि १२ ग्रॅमचा तुकडा लिहून घेतला. एवढी लहान वडी मला चालते, उलट बरी, कारण उभ्याने खाताना एका घासात जाते. पण नगांचा हिशेब वजन ठरल्याशिवाय करता येत नाही. चव तर बहुतेक ठिकाणी चांगलीच असते.

गर्दीचा एक तास

एकंदर अन्न पुरेसं असूनही "जेवण संपलं" अशी बोंब होते ती वेळेमुळे. कामाच्या दिवशी लोक ऑफिसमधून थेट येतात, सव्वाआठनंतर. स्टेजची रांग आटोपून साडेआठ ते साडेनऊ या तासात साठ टक्के लोक जेवणाकडे वळतात. म्हणजे एका तासात १७० प्लेटी, मिनिटाला जवळजवळ तीन. एका बुफेवर माणशी पंधरा-वीस सेकंद तरी अडकतातच, म्हणून एकाच मेनूच्या दोन रांगा, दोन्ही भिंतींकडे, आणि साधं वरण-भात वेगळ्या टेबलावर. त्याच तासात पाचशे पुऱ्या लागतात, मिनिटाला आठ-नऊ. कढई एवढी मोठी आहे का, हे आदल्या दिवशी विचारा.

लाइव्ह काउंटर हा मेनूचा नव्हे, घड्याळाचा प्रश्न आहे. डोशाच्या एका तव्यावर एकदम तीन-चार डोसे, एका घाण्याला चारेक मिनिटं, म्हणजे तासाला पन्नास. दीडशे लोकांना डोसा हवा असेल तर तीन तास. रांग लागते, रांग बघून आणखी लोक उभे राहतात, आणि इकडे मसालेभात उरतो. पाणीपुरीला माणशी पाऊण मिनिट लागतं, म्हणून ती ठेवली. निम्मे लोक, सहा-सहा पुऱ्या, फुटक्या धरून हजार पुऱ्या, आणि गर्दीच्या तासात वाढायला दोन माणसं.

स्टार्टरचं वेगळं दुखणं. साडेसातला आलेली घरचीच मंडळी आणि कॉलेजची पोरं आठपर्यंत निम्मे वडे संपवतात, आणि ज्यांच्यासाठी ते केले ते नऊला येऊन रिकामे ट्रे बघतात. आम्ही तीन हप्ते ठरवले: साडेसात, सव्वाआठ, नऊ. मधल्या हप्त्यात सगळ्यांत जास्त. तळायचंही त्या त्या वेळी.

आणि दहाला स्पीकर बंद होतात. बंद झाले की गप्पा मारत बसलेले चाळीस-पन्नास जण एकदम उठून जेवायला येतात. तेव्हा पुरी तळणारा आवराआवर करायला लागलेला नको.

कमी पडतंय हे कधी कळतं

नऊ वाजता. त्या वेळी क्रेटमध्ये किती मोठ्या प्लेटी उरल्यात ते बघायचं. आमच्या वेळापत्रकानुसार नऊपर्यंत १३० च्या आसपास लागायला हव्या होत्या. दीडशेच्या वर गेल्या असत्या आणि दारातून माणसं येतच असती, तर आकडा चुकला हे समजायला अजून तास हातात राहिला असता. तासाभरात नवं पनीर येत नाही, पण बटाट्याची सुकी भाजी आणि साधा भात अर्ध्या तासात होतो. म्हणून दहा किलो उकडलेले बटाटे, चार किलो धुतलेले तांदूळ आणि चार किलो कणीक राखून ठेवायला सांगितली होती. लागली नाहीत तर शिजवायची नाहीत.

हे लक्ष ठेवायचं काम नवरीच्या आईबापाला देऊ नका, ते स्टेजवर असतात. आम्ही धाकट्या मामाला दिलं, कारण त्याला फोटोत यायचं नसतं आणि स्वयंपाकघरात उभं राहायला आवडतं. नऊला त्याने मोजलं तर १३४ प्लेटी लागल्या होत्या. दहाला २२६.

पनीर दहा वाजून पाच मिनिटांनी संपलं, तोवर वांगी अजून पंधरा-वीस होती. वरण-भात साधारण चार किलो उरला आणि जिलेबी दोन किलो, ती रात्रीच घरोघरी वाटली. बुफेवर मांडून ठेवलेलं मात्र कोणाला बांधून दिलं नाही. चार तास कोमट राहिलेला भात आणि पनीर सकाळी कोणाच्या पोटात नको. आतल्या पातेल्यातलं, वाफाळतं, झाकलेलं होतं तेवढंच हॉलच्या रखवालदारांना आणि सफाईच्या बायकांना दिलं.

अकराला केटररचा माणूस आणि मामा क्रेटजवळ बसले. तीनशेतल्या २७ कोऱ्या प्लेटी उरल्या होत्या, म्हणजे २७३. गॅरंटीवर आठ. मग डेकोरेशनच्या पोराने स्टेजमागून दोन प्लेटी आणल्या. त्यावर फुलांच्या पाकळ्या होत्या, अन्न नव्हतं. त्या वजा करून २७१ वर सही झाली.